अनेक पेपर, एक आढावा: इकॉलॉजीतलं संशोधन चोरी न करता कसं मांडावं

प्रबंधातलं 'रिव्ह्यू ऑफ लिटरेचर' हे प्रकरण बहुतेक वेळा एका साच्यातलं असतं. अमुक (2017) यांनी असं सांगितलं, तमुक (2019) यांनी तसं सांगितलं, अशा ओळी वीस पानं चालतात. त्यातली प्रत्येक ओळ त्या-त्या पेपरच्या सारांशातून उचललेली असते, दोन-चार शब्द इकडचे तिकडे केलेले असतात आणि शेवटी कंसात नाव टाकलेलं असतं. लिहिणाऱ्याला मनापासून वाटतं की संदर्भ दिला म्हणजे काम झालं. पण वाक्याची बांधणी दुसऱ्याची असेल, तर संदर्भ देऊनही ते वाङ्मयचौर्यच ठरतं. त्यातही वाईट गोष्ट अशी की अशा लिखाणात विज्ञानही चुकतं.

यावर उपाय शब्द बदलण्यात नाही, वाचण्याच्या आणि टिपणं काढण्याच्या पद्धतीत आहे. ती पद्धत एका खऱ्या विषयावर दाखवतो. विषय आहे कीटकांची घट. 2017 पासून यावर भरपूर लिहिलं गेलं, निष्कर्ष एकमेकांशी जुळत नाहीत आणि बातम्यांनी त्यातले आकडे पार वेडेवाकडे करून टाकले. त्यामुळे इथे आढावा लिहिणाऱ्याचा कस लागतो.

आधी प्रश्न, मग पेपर

'कीटकांची घट' हा विषय झाला, प्रश्न नव्हे. प्रश्न असा हवा: गेल्या काही दशकांत जमिनीवरचे कीटक कमी झाले का, कोणत्या मापाने आणि कुठे? एवढं ठरलं की कोणता पेपर आत घ्यायचा आणि कोणता नाही हे आपोआप स्पष्ट होतं. लिहिताना पेपरमागून पेपर न घेता प्रश्नाच्या एकेका भागावर बोलायचं आहे, हेही इथेच पक्कं होतं. उसनवारी टाळण्याचं अर्धं काम इथे होतं, कारण तुमच्या परिच्छेदाचा क्रम तुमच्या प्रश्नातून येतो. दुसऱ्याच्या सारांशाचा क्रम त्यात शिरायला जागाच उरत नाही.

शोध कसा घेतला ते लिहून ठेवा. कोणत्या डेटाबेसमध्ये, कोणत्या तारखेला, कोणते शब्द टाकून शोधलं याची नोंद हवी, कारण शोधाचे शब्दच निष्कर्ष ठरवू शकतात. सांचेझ-बायो आणि वायखाउस यांचा 2019 चा आढावा जगभर गाजला. येत्या काही दशकांत जगातल्या 40 टक्के कीटक-प्रजाती नामशेष होऊ शकतात, असं त्यात म्हटलं होतं. त्यांनी शोध घेतला होता तो साधारण असा:

```
insect* AND declin* AND survey
```

दुसरा शब्दच 'घट' शोधतो. ज्या अभ्यासांत कीटक वाढलेले किंवा स्थिर दिसले, ते अशा शोधात सापडण्याची शक्यता मुळातच कमी. कोमोनेन आणि सहकाऱ्यांनी त्याच वर्षी नेमका हा आक्षेप घेतला. त्या आढाव्यातल्या 73 अहवालांपैकी बहुतेक युरोप आणि अमेरिकेतले होते, हेही विसरता कामा नये. तुमच्या लिखाणात हा 40 चा आकडा आलाच, तर त्याच्यासोबत ही मर्यादा आणि तो आक्षेप दोन्ही यायला हवेत. नुसता आकडा आणि कंसात नाव, हे संदर्भाचं अपुरं काम आहे.

टिपणाचा तक्ता

एक साधी स्प्रेडशीट उघडा. एका ओळीत एक अभ्यास. रकाने हे ठेवा: कोणते जीव, काय मोजलं, कुठे, किती जागांवर, कोणत्या वर्षांत, कशाने पकडले, किती बदल दिसला, लेखकांनी स्वतः कोणत्या मर्यादा सांगितल्या, आणि हे सगळं कोणत्या पानावर किंवा तक्त्यात सापडलं. हा तक्ता सारांशावरून भरू नका. पद्धतींचा भाग, निकालातले तक्ते आणि पुरवणी यांवरून भरा. सारांशात लेखक आपली गोष्ट सांगतात, प्रत्यक्षात काय केलं ते पद्धतींच्या भागात असतं.

रकान्यांत पूर्ण वाक्यं लिहायची नाहीत. फक्त आकडे, नावं, तुटक शब्द. पूर्ण वाक्य उतरवायचं असेल, तर ते अवतरणचिन्हांत, पान क्रमांकासह आणि वेगळ्या रंगात ठेवा. चार महिन्यांनी स्वतःच्याच फाइलमधलं एखादं सुरेख वाक्य आपलं की लेखकाचं, हे कोणालाच आठवत नाही. अनवधानाने होणारी चोरी बहुतेक वेळा टिपणांतच होते, लिखाणात नाही.

तीन अभ्यासांच्या ओळी भरल्यावर तक्ता काय दाखवतो ते पाहा.

हॉलमन आणि सहकाऱ्यांचा 2017 चा अभ्यास: जर्मनीतली 63 संरक्षित क्षेत्रं, 1989 ते 2016, मॅलेज सापळे म्हणजे उडते कीटक अडकवणारे तंबूसारखे जाळीचे सापळे, मोजलं काय तर उडत्या कीटकांचं एकूण वजन. घट सुमारे 76 टक्के, ऐन उन्हाळ्यात 82. मर्यादेच्या रकान्यात: बऱ्याच जागांवर फक्त एकेक वर्षच सापळे लावले, 63 पैकी 26 ठिकाणीच एकाहून जास्त वर्षं.

सायबोल्ड आणि सहकारी, 2019: जर्मनीचे तीन प्रदेश, 150 गवताळ जागा आणि 140 जंगलातल्या, 2008 ते 2017. मोजले ते संधिपाद, म्हणजे कीटकांसोबत कोळीसुद्धा. दरवर्षी पाहणी झालेल्या गवताळ जागांवर जैवभार 67 टक्के, प्राण्यांची संख्या 78 टक्के आणि प्रजातींची संख्या 34 टक्के घटली.

व्हॅन क्लिंक आणि सहकारी, 2020: अनेक देशांतली 166 दीर्घकालीन सर्वेक्षणं, 1676 जागा, मेटा-अ‍ॅनालिसिस म्हणजे अनेक अभ्यासांच्या आकड्यांचं एकत्र विश्लेषण. जमिनीवरच्या कीटकांत दशकाला सुमारे 9 टक्के घट, गोड्या पाण्यातल्या कीटकांत दशकाला सुमारे 11 टक्के वाढ. आक्षेप: डेस्किल्बे आणि सहकारी, त्याच वर्षी, माहितीच्या निवडीवरून.

आता सायबोल्ड यांची ओळ पुन्हा वाचा. एकाच अभ्यासात, त्याच जागांवर तीन वेगवेगळे आकडे आहेत, आणि तिन्ही बरोबर आहेत. पॅराफ्रेज करताना सर्वांत मोठा घोटाळा होतो तो इथेच.

कोणते शब्द बदलायचे नाहीत

समानार्थी शब्द घालून वाक्य 'आपलं' करण्याची सवय इकॉलॉजीत फार घातक आहे. जैवभार, संख्या, प्रजाती-समृद्धी आणि विविधता ही चार वेगळी मापं आहेत. 'जैवभार 67 टक्के घटला' याचं 'कीटकांची संख्या दोन तृतीयांशाने कमी झाली' असं केलं, तर भाषा बदलली आणि शास्त्रही बदललं. त्या अभ्यासात संख्येचा आकडा 78 आहे. 'संधिपाद' ऐवजी 'कीटक' लिहिलं की कोळी गायब झाले. 'संरक्षित क्षेत्र' ऐवजी 'जंगल' लिहिलं की गवताळ आणि झुडपी जागा गेल्या.

म्हणून नियम असा: मापाचं नाव, जीवांचा गट, प्रजातींची शास्त्रीय नावं, पकडण्याचं साधन आणि जागेचा प्रकार हे शब्द जसेच्या तसे ठेवा. ते कोणाच्या मालकीचे नाहीत, ते वापरल्याने चोरी होत नाही. बदलायचं असतं ते वाक्याचं काम आणि त्याची रचना. अनेक विद्यार्थी याच्या नेमकं उलट करतात. रचना ठेवतात, शब्द बदलतात.

पॅराफ्रेज, जवळून पाहू

समजा तुमच्यासमोर या अर्थाचं वाक्य आहे: '27 वर्षांच्या काळात संरक्षित क्षेत्रांमधील उडत्या कीटकांच्या एकूण जैवभारात तीन चतुर्थांशाहून अधिक घट झाली असून, ही घट अधिवासाच्या प्रकारावर अवलंबून नाही.'

पहिला प्रयत्न सहसा असा असतो: 'जवळपास तीन दशकांच्या कालावधीत राखीव भागांतील उडणाऱ्या किड्यांच्या एकंदर वस्तुमानात 75 टक्क्यांपेक्षा जास्त घसरण झाली असून, ही घसरण अधिवासाच्या स्वरूपाशी निगडित नाही (हॉलमन व इतर, 2017).' शब्द बदलले, सांगाडा तोच राहिला. 'असून' सुद्धा त्याच जागी आहे. सॉफ्टवेअर कदाचित हे पकडणार नाही, पण मूळ पेपर वाचलेला परीक्षक एका नजरेत ओळखेल. शिवाय या वाक्यात मूळ वाक्याहून नवं काहीच नाही, मग ते तुम्ही का लिहिलं?

आता पेपर बंद करा. फक्त तक्त्यातली ओळ समोर ठेवा आणि तुमच्या प्रश्नाला या अभ्यासाचं उत्तर काय ते लिहा:

'हॉलमन आणि सहकाऱ्यांनी जर्मनीतल्या 63 संरक्षित क्षेत्रांत मॅलेज सापळ्यांत सापडलेल्या कीटकांचं वजन वापरून 27 वर्षांत सुमारे 76 टक्के घट झाल्याचा अंदाज काढला. यातल्या बऱ्याच जागांवर फक्त एकेक वर्षच सापळे लावले होते. त्यामुळे ही घट प्रत्येक जागेवर वर्षानुवर्षं मोजलेली नाही, वेगवेगळ्या जागांच्या नोंदींवरून सांख्यिकी मॉडेलने काढलेली आहे (हॉलमन व इतर, 2017).'

हे वाक्य मूळ पेपरच्या सारांशात सापडणार नाही. पद्धत आणि निकाल एकत्र वाचून त्यातून तुम्हाला काय समजलं, ते यात आहे. क्रियापदही पाहा: 'सिद्ध केलं' नाही, 'दाखवून दिलं' नाही, 'अंदाज काढला'. लेखकांनी मोजलं, मॉडेलने अंदाजलं, सुचवलं की नुसती शक्यता बोलून दाखवली, हा फरक क्रियापदातच टिकतो.

लिहून झाल्यावर पेपर पुन्हा उघडा आणि दोन गोष्टी तपासा. आकडे, गट आणि जागा तंतोतंत आहेत का? आणि सलग पाच-सहा शब्द त्याच क्रमाने आलेत का? पारिभाषिक शब्दसमूह सोडून असा क्रम दिसला, तर वाक्य दुरुस्त करू नका, खोडा आणि नव्याने लिहा. डागडुजी केलेल्या वाक्यात जुना सांगाडा राहतोच.

थेट उद्धरण इकॉलॉजीच्या लिखाणात क्वचितच लागतं. एखादी व्याख्या किंवा वादाचा नेमका शब्द महत्त्वाचा असेल, तेव्हाच अवतरणचिन्हं आणि पान क्रमांक द्या. आणि इंग्रजी पेपरमधलं वाक्य मराठीत उतरवलं म्हणून ते तुमचं होत नाही. ओळीला ओळ असं भाषांतर हे उद्धरणच आहे, तसंच ते सांगायला हवं.

अनेक अभ्यास एका परिच्छेदात

आता तक्त्याच्या रकान्यांतून उभं वाचा. ओळीतून आडवं वाचलं की एक पेपर कळतो, रकान्यातून उभं वाचलं की आढावा सुचतो. 'काय मोजलं' आणि 'किती बदल' हे दोन रकाने शेजारी ठेवले की पहिलं वाक्य आपोआप येतं: घट किती, हे आपण काय मोजतो आणि कुठे मोजतो यावर फार अवलंबून आहे. हे वाक्य तुमचं. त्याला संदर्भ लागत नाही, पण त्याखालच्या प्रत्येक दाव्याला लागतो.

'जर्मनीतल्या संरक्षित क्षेत्रांत उडत्या कीटकांचा जैवभार 27 वर्षांत सुमारे 76 टक्के घटल्याचा अंदाज आहे (हॉलमन व इतर, 2017). तिथल्याच गवताळ जागांवर एका दशकात संधिपादांचा जैवभार 67 टक्के कमी झाला, प्रजातींची संख्या मात्र साधारण त्याच्या निम्म्या प्रमाणात घटली (सायबोल्ड व इतर, 2019). अनेक देशांतली 166 सर्वेक्षणं एकत्र केल्यावर जमिनीवरच्या कीटकांची घट दशकाला सुमारे 9 टक्के, म्हणजे बरीच सौम्य निघते, तर गोड्या पाण्यातले कीटक वाढलेले दिसतात (व्हॅन क्लिंक व इतर, 2020). या निष्कर्षांवर माहितीच्या निवडीवरून आक्षेप घेतला गेला आहे (डेस्किल्बे व इतर, 2020). अमेरिकेतल्या दीर्घकालीन संशोधन-स्थळांच्या नोंदींत एकंदर घट आढळली नाही (क्रॉसली व इतर, 2020), मात्र त्या विश्लेषणात नमुने गोळा करण्याच्या पद्धतींचा इतिहास पुरेसा लक्षात घेतला नाही, असं वेल्टी आणि सहकाऱ्यांचं (2021) म्हणणं आहे.'

इथे प्रत्येक कंस ज्या दाव्याचा आहे त्याला चिकटून आहे. परिच्छेदाच्या अखेरीस सहा नावांचा एक मोठा कंस टाकला असता, तर 76 कोणाचे आणि 9 कोणाचे हे वाचकाला कळलं नसतं. तशी संदर्भांची मोळी तेव्हाच बांधावी, जेव्हा त्यातला प्रत्येक पेपर पूर्ण वाक्याला आधार देतो. वाक्यात 'जैवभार आणि प्रजाती दोन्ही घटल्या' असं असेल, तर हॉलमन यांचं नाव त्या मोळीत बसत नाही. त्यांच्या आकड्यात फक्त वजन आहे.

27 वर्षांतले 76 आणि दशकाला 9 यांची थेट तुलना होत नाही, म्हणून काही जण हिशेब करतात. दशकाला 9 टक्के या वेगाने 27 वर्षांत घट साधारण 22 ते 23 टक्के होते. हा हिशेब उपयोगी आहे, पण तो तुमचा आहे. 'आमच्या हिशेबाने' असं लिहा. नाहीतर ज्या आकड्याचा मूळ पेपरमध्ये मागमूस नाही, तो व्हॅन क्लिंक यांच्या नावावर जातो. दोन्हींतली मापंही तंतोतंत एक नाहीत, हेही सोबत सांगा.

मेटा-अ‍ॅनालिसिस हाताशी असेल, तर आणखी एक काम करा. त्याच्या पुरवणीत कोणते अभ्यास घेतले याची यादी असते. तुम्ही स्वतंत्रपणे उल्लेखलेला अभ्यास त्यातच असेल, तर तोच पुरावा तुम्ही दोनदा मोजताय. 'दोन अभ्यासांत घट दिसली' असं तिथे म्हणता येत नाही.

न वाचलेल्या पेपरचा संदर्भ

हॉलमन यांचा पेपर सर्वांत जास्त चुकीचा सांगितला जातो तो कारणांबाबत. 'कीटकनाशकांमुळे 76 टक्के कीटक नष्ट झाले (हॉलमन व इतर, 2017)' अशी वाक्यं सर्रास दिसतात. त्या अभ्यासाने हवामान, जमिनीचा वापर आणि अधिवासातले बदल तपासले, आणि त्यांनी एकूण घटीचं स्पष्टीकरण मिळत नाही असं सांगितलं. कीटकनाशकांचा वापर त्यांनी मोजलेला नव्हता, ती एक शक्यता म्हणून चर्चेत आली. असं चुकीचं वाक्य एका आढाव्यातून दुसऱ्यात जातं, कारण लिहिणारा मूळ पेपर न उघडता आधीच्या आढाव्यातला कंस उचलतो.

हे ओळखण्याची खूण सोपी आहे: वाक्य ज्या दाव्याचं आहे, तो दावा पेपरच्या कोणत्या तक्त्यात किंवा आकृतीत आहे हे तुम्हाला बोट ठेवून दाखवता आलं पाहिजे. दाखवता आलं नाही, तर एक तर पेपर वाचा, नाहीतर ज्याच्याकडून ते वाक्य घेतलं त्याचं नाव द्या: 'हॉलमन व इतर, 2017, अमुक यांच्या लेखात उल्लेखलेले'. दुसरा मार्ग मूळ पेपर खरोखरच मिळत नसेल तेव्हाच. हॉलमन यांचा पेपर 'प्लॉस वन'मध्ये आहे आणि मोफत वाचता येतो, तेव्हा त्याला ही सवलत नाही.

संदर्भ पक्का करण्याआधी जर्नलच्या पानावर जाऊन पेपरला शुद्धिपत्र निघालं आहे का, त्यावर प्रतिक्रिया छापून आली आहे का, हेही पाहा. वादग्रस्त विषयात हे वगळणं म्हणजे अर्धीच बाजू सांगणं.

आपल्याकडे एक खास चूक होते. सह्याद्रीतल्या किंवा विदर्भातल्या कीटकांवरच्या प्रबंधाची सुरुवात 'जगभर कीटक झपाट्याने घटत आहेत' अशी होते आणि पुढे वरचेच संदर्भ असतात. त्या अभ्यासांतला बहुतांश पुरावा युरोप आणि उत्तर अमेरिकेचा आहे. 'युरोप आणि उत्तर अमेरिकेतल्या दीर्घकालीन नोंदींवरून' एवढे शब्द जोडले की वाक्य खरं होतं, आणि तुमच्या कामाची गरजही तिथूनच उभी राहते.

सिमिलॅरिटी रिपोर्ट कसा वाचावा

प्रबंधाचा मजकूर आधीच्या लिखाणाशी किती जुळतो, हे सॉफ्टवेअर या रिपोर्टमध्ये टक्क्यांत दाखवतं. युजीसीच्या 2018 च्या नियमांनुसार 10 टक्क्यांपर्यंत साम्य असेल तर कारवाई नाही. 10 ते 40 टक्के असेल तर सहा महिन्यांच्या आत सुधारून प्रबंध पुन्हा द्यावा लागतो. 40 ते 60 असेल तर वर्षभर प्रबंध देता येत नाही. 60 च्या वर गेलं तर नोंदणीच रद्द होते. संदर्भसूची, योग्य श्रेय देऊन केलेली उद्धरणं, प्रमाणित समीकरणं हे मोजणीतून वगळलं जातं. सामान्य ज्ञानातले सलग 14 शब्दांपर्यंतचे तुकडेही वगळतात.

या आकड्यांमुळे मुलं टक्केवारीवरच नजर ठेवतात. माझ्या मते टक्केवारी सर्वांत शेवटी बघावी. आधी रंगवलेल्या ओळी एकेक करून पाहा. पद्धतींच्या भागात 'मॅलेज सापळे दर आठवड्याला रिकामे केले' अशी ओळ रंगली असेल तर काळजी नको, ते वर्णन फार वेगळ्या शब्दांत करताच येत नाही. पण चर्चेच्या किंवा आढाव्याच्या भागात एकाच स्रोताच्या सलग दोन-तीन ओळी रंगल्या असतील, तर एकूण आकडा 6 टक्के असला तरी तो परिच्छेद पुन्हा लिहायला हवा. इंग्रजीतून मराठीत आणलेली वाक्यं या यंत्रणांच्या नजरेतून बऱ्याचदा निसटतात, तेव्हा तिथे रिपोर्ट स्वच्छ आला म्हणून निर्धास्त होऊ नका, तक्त्याशी ताडून पाहा.

तुमच्याच आधीच्या शोधनिबंधातला परिच्छेद प्रबंधात घेत असाल, तर तसं स्पष्ट नमूद करा आणि त्या निबंधाचा संदर्भ द्या. आकृतींचं मात्र वेगळं आहे: 'प्लॉस वन'मधला आलेख त्याच्या खुल्या परवान्यामुळे श्रेय देऊन वापरता येतो, पण सशुल्क जर्नलमधली आकृती छापायची असेल तर प्रकाशकाची परवानगी लागते. तोच आलेख नव्या रंगांत पुन्हा काढला तरी खाली 'अमुक यांच्या माहितीवरून नव्याने काढलेला' असं लिहावं लागतं, आणि ती माहिती कोणत्या तक्त्यातून किंवा पुरवणीतून घेतली तेही.